पानथरी आणि पत्ता : काळ्या आजाराचे निदान आणि उपचार



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, ते आपले डॉक्टर तापाच्या प्रत्येक रुग्णाला आधी पाठीवर निजवत, गुडघे दुमडायला सांगत आणि उजव्या कुशीच्या खालच्या बाजूपासून डाव्या बरगडीकडे हळूहळू हात सरकवत नेत. मी त्यांच्याकडे शिकाऊ होतो. ते म्हणत, "बरगडीपाशी हात ठेवून शोधलीस तर मोठी पानथरी तुझ्या हाताखालीच असेल आणि तुला कळणार नाही. खालून वर ये." आज मी ज्या आजाराविषयी बोलणार आहे, त्यात या एका सवयीमुळे एक माणूस वाचला. म्हणून विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात सेंटरिंगचे काम करणारा सव्वीस वर्षांचा एक मजूर माझ्याकडे आला. सात आठवडे ताप होता. संध्याकाळी थंडी वाजून चढायचा, पहाटे घाम येऊन उतरायचा आणि काही दिवशी दुपारी पुन्हा चढायचा. वजन 58 किलोवरून 46 वर आले होते. हातात कागदांची जाड पिशवी होती. मलेरियाची काच तीनदा निगेटिव्ह. विडाल चाचणीत किंचित पॉझिटिव्ह आल्यामुळे "टायफॉइड निघालाय" असे सांगून दोन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झालेला. पुढे एका ठिकाणी, नुसत्या अंदाजावर, क्षयाची औषधे सुरू करू असे ठरत होते. कुणाचा हेतू वाईट नव्हता. प्रत्येकाने आपल्या भागात जे नेहमी दिसते तेच आधी धरले होते.

मी त्याला भूक लागते का विचारले. "भूख तो लगती है, डॉक्टरसाब. खाता भी हूँ. लगता नहीं." दीड महिना ताप असलेल्या माणसाची जीभ स्वच्छ आणि भूक शाबूत, ही गोष्ट टायफॉइडशी जुळत नाही. मग त्याला निजवले आणि खालून हात वर आणला. बेंबीच्या थोडे वर डाव्या बाजूला कडा लागली. घट्ट, गुळगुळीत, दुखरी नाही, श्वासाबरोबर खाली सरकणारी. टेपने मोजली तर बरगडीच्या खाली 9 सेंटिमीटर. पिशवीतल्या एकाही कागदावर पानथरीचा उल्लेख नव्हता.

त्यानंतर मी तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारायला हवा होता. गाव कुठले? तो म्हणाला, सारण जिल्हा, बिहार. मे महिन्यात बहिणीच्या लग्नाला गेला होता, महिनाभर राहिला. घर मातीच्या भिंतींचे, शेजारी गाईचा गोठा, उकाड्यामुळे सगळे अंगणात जमिनीवर निजलेले.

हा आजार म्हणजे काळा आजार, बिहारी बोलीत कालाजार. डॉक्टरी भाषेत व्हिसरल लिशमॅनियासिस. लिशमॅनिया डोनोवनी नावाचा एकपेशीय परजीवी तो घडवतो आणि सॅंडफ्लाय नावाची माशी तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेते. चंदीपुरा तापाच्या बातम्यांमुळे सॅंडफ्लाय हे नाव विदर्भात ओळखीचे झाले आहे. काळ्या आजाराची माशी त्याच कुळातली. डासापेक्षा बरीच लहान, दोन-तीन मिलिमीटरची. ती भिंतीच्या भेगांत, गोठ्यातल्या ओल्या शेणमातीत वाढते. तिला उंच उडता येत नाही, उड्या मारत सरकते. म्हणून फवारणीवाले भिंतीला सहा फुटांपर्यंतच औषध मारतात. माशी चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण दोन ते सहा महिने जातात. मे ते सप्टेंबर, हिशेब जुळत होता. भारतात या आजाराचा खरा मुक्काम बिहार, झारखंड, पूर्व उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या चार राज्यांत आहे. आपला महाराष्ट्र त्यात नाही. पण त्या राज्यांतले लाखो कष्टकरी आपल्या शहरांत बांधकामावर आहेत, आणि ताप गाडीत बसून त्यांच्याबरोबर येतो.

परजीवी शरीरात शिरला की जातो कुठे, हे एकदा समजले तर पुढच्या सगळ्या चाचण्या आणि औषधे आपोआप समजतात. आपल्या शरीरात भक्षक पेशी असतात. बाहेरून आलेला जंतू गिळून पचवणे हे त्यांचे काम. लिशमॅनिया गिळला जातो, पण पचत नाही. तो त्या भक्षक पेशीच्याच पोटात राहतो, तिथेच विभागतो आणि पेशी फुटली की शेजारच्या पेशीत जातो. भक्षक पेशी सर्वांत दाट असतात त्या पानथरीत, यकृतात आणि हाडांच्या मगजात. म्हणून पानथरी वाढते. मगज व्यापला जातो आणि फुगलेली पानथरी रक्तपेशी अडवून नष्ट करते, म्हणून रक्तातल्या तिन्ही पेशी एकदम कमी होतात. माझ्या रुग्णाचे हिमोग्लोबिन 6.9, पांढऱ्या पेशी 1,900 आणि प्लेटलेट 72,000 होत्या. शरीर घाबरून भराभर प्रतिपिंडे बनवते, पण परजीवी पेशीच्या आत सुरक्षित असल्याने त्यांचा उपयोग होत नाही. ती नुसती रक्तात साचतात. त्याचे अल्ब्युमिन 2.4 आणि ग्लोब्युलिन 6.7 होते. एरवी अल्ब्युमिन जास्त असते. इथे प्रमाण पार उलटे झाले होते. या प्रथिनांचाच फायदा घेऊन शंभर वर्षांपूर्वीचे डॉक्टर एक साधी चाचणी करत: रक्तद्रवात फॉर्मॅलिनचा थेंब टाकायचा, आणि तो उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा थिजला तर काळा आजार. पण ती पॉझिटिव्ह यायला आजार काही महिन्यांचा व्हावा लागे, तोवर रुग्ण खंगलेला असे.

तीन पेशी कमी, ताप आणि मोठी पानथरी हे चित्र रक्ताच्या कर्करोगातही दिसते. भक्षक पेशी बेफाम होण्याचा जो गंभीर विकार आहे, त्यातही दिसते. त्या समजुतीने स्टेरॉइड दिले तर ताप दोन दिवस उतरतो आणि परजीवीला रान मोकळे मिळते. उपचार न झालेला काळा आजार जवळजवळ नेहमीच मृत्यूत संपतो, म्हणून ही चूक परवडणारी नाही.

आता चाचणी. आज सगळीकडे वापरतात ती आर-के-39 नावाची पट्टी. परजीवीच्या एका प्रथिनात 39 अमिनो आम्लांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो प्रयोगशाळेत बनवून पट्टीवर बसवलेला असतो. बोटाला टोचून एक थेंब रक्त पट्टीच्या टोकावर ठेवायचे, सोबतच्या द्रवाचे थेंब घालायचे आणि सांगितलेली मिनिटे घड्याळ लावून थांबायचे. वरची रेघ उमटली म्हणजे पट्टी काम करते आहे. तिच्याखाली दुसरी रेघ उमटली, फिकट का असेना, तर पॉझिटिव्ह. वरची रेघच नाही आली तर पट्टी टाकून द्यायची, अंदाज बांधायचा नाही. फार उशिरा वाचलेली पट्टीही विश्वासाची नाही. माझ्या रुग्णाची दुसरी रेघ पाच मिनिटांच्या आत ठळक आली.

परंतु पट्टी परजीवी दाखवत नाही, प्रतिपिंडे दाखवते, हे मनात पक्के ठेवायला हवे. बरे झालेल्या माणसात ती वर्षानुवर्षे राहतात. आजार असलेल्या गावात, कधीच ताप न आलेल्या काही निरोगी माणसांचीही पट्टी पॉझिटिव्ह येते, कारण त्यांना संसर्ग होऊन शरीराने तो दाबून टाकलेला असतो. म्हणून आपल्याकडे नियम असा: दोन आठवड्यांहून जास्त ताप, हाताला लागणारी पानथरी, पूर्वी या आजाराचा उपचार झालेला नाही, आणि मग पट्टी पॉझिटिव्ह. हे चारही एकत्र असतील तरच उपचार सुरू करायचा. उलट, एचआयव्ही असलेल्या माणसाचे शरीर पुरेशी प्रतिपिंडे बनवू शकत नाही आणि पट्टी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून काळ्या आजाराच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी करायचीच. माझ्या रुग्णाची निगेटिव्ह होती.

नियम मोडला की काय होते तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी दुसरा एक रुग्ण आला होता. बिहारमध्ये त्याचा उपचार होऊन तो बरा झाला होता. आठ महिन्यांनी पुन्हा ताप आला. एका ठिकाणी पट्टी करून "आजार उलटला" असे त्याला सांगितले गेले. पट्टी पॉझिटिव्ह येणारच होती, ती जुन्या आजाराची खूण होती. आजार उलटला असे म्हणायचे तर परजीवी डोळ्यांनी बघावा लागतो. आम्ही हाडाच्या मगजाचा नमुना घेतला, त्यात परजीवी सापडला नाही. मानेतली गाठ तपासली, त्यात क्षय निघाला. ताप त्याचा होता.

परजीवी बघायची सर्वांत खात्रीची जागा पानथरीच. तिथल्या नमुन्यात शंभरातल्या नव्वदहून अधिक रुग्णांत तो सापडतो, मगजात त्याहून बराच कमी. पण पानथरीत सुई घालणे हे काम ज्याचा हात त्यात तयार झाला आहे त्यानेच करावे. प्लेटलेट 40,000 च्या वर हव्यात, रक्त गोठण्याची वेळ नीट हवी. रुग्णाने श्वास रोखायचा, बारीक सुई आत जायची आणि सेकंदाच्या आत बाहेर यायची. नंतर कित्येक तास रुग्णाने हलायचे नाही आणि नाडी व रक्तदाब लिहीत राहायचे, कारण आत रक्तस्राव झाला तर तो बाहेरून दिसत नाही. हजारात एखाद्याला तो होतो. आपल्याकडच्या रुग्णालयांत हा हात फारसा कुणाचा नाही, म्हणून त्या दुसऱ्या रुग्णासाठी मी मगजच निवडला.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते? रंग दिलेल्या काचेवर मोठ्या भक्षक पेशीच्या निळसर पसाऱ्यात दोन ते चार मायक्रोमीटरचे लांबट गोल ठिपके. प्रत्येकात दोन खुणा: एक गोल केंद्रक आणि त्याच्या बाजूला आडवी पडलेली इवलीशी काडी. ती काडी दिसली पाहिजे. नाहीतर प्लेटलेटच्या तुकड्यांनाही नवखा माणूस परजीवी समजतो. कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीतून ताप घेऊन इंग्लंडला परतलेल्या आणि तिथे मरण पावलेल्या एका सैनिकाच्या पानथरीत विल्यम लिशमन यांनी हेच ठिपके पाहिले आणि 1903 साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोवन यांना ते रुग्णांत सापडले. दोघांची नावे परजीवीला मिळाली. तो सैनिक आणि मद्रासचे ते रुग्ण यांची नावे इतिहासात राहिली नाहीत.

उपचाराकडे वळतो. या आजारावरचे पहिले मोठे यश भारतीय आहे. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्त्यातल्या कॅम्पबेल रुग्णालयाच्या एका छोट्या खोलीत युरिया स्टिबामाइन हे अँटिमनीचे संयुग बनवले आणि त्याने असंख्य माणसे वाचवली. पुढे सोडियम स्टिबोग्लुकोनेट आले, तेही अँटिमनीचेच. महिनाभर रोज इंजेक्शन. विसाव्या शतकाच्या शेवटी बिहारमध्ये ते निकामी व्हायला लागले. मुजफ्फरपूर भागात निम्म्याहून अधिक रुग्णांना त्याचा गुण येईना. अर्धवट घेतलेले कोर्स हे त्याचे एक कारण मानले जाते. मग तोंडाने घ्यायचे मिल्टेफोसिन आले, 28 दिवसांचे. गोळी सोपी, पण ती गर्भाला घातक आणि शरीरात फार काळ रेंगाळणारी, म्हणून बाळंतपणाच्या वयातल्या बाईला देताना गर्भनिरोधनाची खात्री करावी लागते आणि कोर्स संपल्यावरही काही महिने ते चालू ठेवावे लागते. शिवाय उलटी-जुलाब झाले की रुग्ण गोळ्या मधेच सोडतो. कालांतराने आजार उलटण्याचे प्रमाण वाढत गेले.

अँफोटेरिसिन-बी हे औषध परजीवीच्या आवरणातल्या एका विशिष्ट स्निग्ध पदार्थाला चिकटते आणि आवरणाला भोके पाडते. ते प्रभावी आहेच, पण साध्या रूपात दिले तर मूत्रपिंडांना जाच करते. दिवसाआड एक अशा 15 सलाइन, म्हणजे महिनाभर रुग्णालय. मजुराच्या घराला ते झेपत नाही. यावरची युक्ती मला आजही नवलाची वाटते. औषध स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, गुंडाळायचे. रक्तात असे कण फिरू लागले की ते गिळतात कोण? भक्षक पेशी. म्हणजे परजीवी ज्या घरात लपला आहे, त्याच घरात घरमालक स्वतःच्या हाताने औषध आणून ठेवतो. मूत्रपिंडांकडे फार थोडे जाते, म्हणून मोठा डोस एकदम देता येतो. डॉ. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी मुजफ्फरपूरला केलेल्या चाचणीत किलोमागे 10 मिलिग्रॅमचा एकच डोस दिलेल्यांपैकी 95.7 टक्के रुग्ण सहा महिन्यांनी बरे होते. महिनाभराच्या जुन्या पद्धतीत 96.3 टक्के. हे 2010 साली प्रसिद्ध झाले आणि पुढे हाच डोस भारताच्या कार्यक्रमाचा पहिला उपचार ठरला. मात्र पूर्व आफ्रिकेत एका डोसाने असा गुण येत नाही. तिथले उपचार वेगळे आहेत. एचआयव्ही असलेल्या रुग्णालाही एक डोस पुरत नाही, त्याला अनेक डोस आणि सोबत मिल्टेफोसिन लागते.

माझ्या रुग्णासाठी आम्ही जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना कळवले आणि त्यांच्यामार्फत औषध आले. 46 किलोला 460 मिलिग्रॅम, कुपी 50 मिलिग्रॅमची, म्हणजे दहा कुप्या उघडायच्या. आधी पेटीवरची उष्णतादर्शक पट्टी बघितली. औषध 25 अंशांखाली राहिलेले असायला हवे. प्रत्येक कुपीत 12 मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून अर्धा मिनिट जोरात हलवायचे. चांगले हलवले नाही तर गुठळ्या राहतात. मग गाळणीतून डेक्स्ट्रोजच्या बाटलीत. इथे एक चूक हमखास होते. वॉर्डात सवयीने हाताशी मिठाचे सलाइन असते, आणि त्यात हे औषध मिसळले तर साका धरतो. सिस्टरनी बाटलीवरचे नाव दोनदा वाचले आणि मला दाखवले, तेव्हा मला हायसे वाटले. आधी थोडे औषध सावकाश सोडून अर्धा तास पाहिले. नंतर उरलेले दोन तासांत दिले. तासाभराने त्याला हुडहुडी भरली आणि पाठ दुखू लागली. थेंबांचा वेग कमी केला, पांघरूण घातले, ते थांबले. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम आधी आणि नंतर तपासले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने स्वतः थर्मामीटर मागून घेतला; ताप नव्हता.

ताप गेला म्हणून काम संपत नाही. पानथरी उतरायला महिने लागतात, आणि बरे झाल्याचा निर्णय सहा महिन्यांनी द्यायचा असतो. आजार उलटलाच तर बहुतेक वेळा वर्षभरात उलटतो. आणि आणखी एक गोष्ट आहे, जिच्यामुळे या आजाराचे समूळ उच्चाटन अवघड होते. बऱ्या झालेल्या माणसांपैकी काहींना, आपल्याकडे साधारण शंभरात पाच ते दहांना, दोन-तीन वर्षांनी चेहऱ्यावर, छातीवर, दंडांवर फिकट चट्टे उठतात. ताप नाही, त्रास नाही. माणूस कामाला जात राहतो. पण त्या चट्ट्यांत परजीवी असतो आणि माशी तिथून तो उचलते. लोक त्याला कोड किंवा कुष्ठ समजतात. कुष्ठाच्या चट्ट्यात संवेदना कमी होते, इथे ती शाबूत असते, हा साधा फरक कापसाच्या टोकाने तपासता येतो.

आम्ही पाठवलेल्या माहितीवरून सारणमधल्या आशाताई त्याच्या घरी गेल्या. घरात कुणाला ताप नव्हता. चुलत्याला चार वर्षांपूर्वी काळा आजार झाला होता, आणि आता त्याच्या हनुवटीभोवती फिकट चट्टे होते. वरून चिमटीत धरून छेद दिला तेव्हा त्वचेच्या नमुन्यात परजीवी सापडला. पुतण्याला त्याच्यापासूनच लागण झाली असे कुणी सिद्ध केलेले नाही, करताही येणार नाही. पण अंगणात उन्हाळ्यात दोघे शेजारी निजत होते. चुलत्याचा दीर्घ उपचार सुरू झाला आणि त्या वस्तीत फवारणी झाली.

1992 साली भारतात या आजाराचे 77,102 रुग्ण आणि 1,419 मृत्यू नोंदले गेले होते. 2023 मध्ये रुग्ण सहाशेच्या आत आले आणि उच्चाटनाची पातळी, म्हणजे तालुक्यात दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, देशभर गाठली गेली. हे मोठे काम आहे, आणि त्याची एक वेगळी अडचणही आहे. जो आजार दिसेनासा होतो, तो नव्या डॉक्टरांच्या मनातूनही जातो. सभागृहात आज वैद्यकीय महाविद्यालयाची मुले बसली आहेत. त्यांना माझी विनंती आहे, तापाच्या प्रत्येक केसपेपरवर वयाखाली एक ओळ मोकळी ठेवा: गाव कुठले, आणि गेल्या वर्षात तिथे कधी गेला होता.

माझा रुग्ण जूनमध्ये सहा महिन्यांच्या तपासणीला आला. वजन 57 किलो, हिमोग्लोबिन 12.4. मी त्याला निजवले आणि खालून हात वर आणला. बरगडीपर्यंत काही लागले नाही. पुढची तपासणी छठनंतर आहे, तो गावाहून परत आला की.